डीसीटी गाडी ट्रॅफिकमधे थरथरते आणि "गिअरबॉक्स गरम" म्हणते, तेव्हा आत नेमकं काय चालू असतं?

गेल्या मे महिन्यात धुळ्याचं लग्न आटपून आम्ही संभाजीनगरला परत येत होतो, चाळीसगाव सोडलं आणि औट्रम घाटात अडकलो. वर कुठंतरी ट्रक बंद पडलेला, खाली आमची लाईन. गाडी दाजींची, सहा वर्षं जुनी, टर्बो पेट्रोल, डीसीटी. दहा फूट पुढं, थांब, पाच फूट पुढं, थांब, असं पाऊण तास चाललं आणि मग गाडी पुढं सरकताना थरथरायला लागली, खडबडीत रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली थरथरते ना तशी. तेवढ्यात टुंग टुंग वाजलं, गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि स्क्रीनवर आलं `Transmission temp. is high! Stop safely`.

दाजी म्हणले, "उन्हानं सेन्सर येडा झालाय रे, काही नाही होत." आणि रेटली अजून शंभरेक मीटर. मग दुसरा मेसेज आला, `Trans Hot! Park with engine on`, आणि आता ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी हालंना. इंजिन चालू, एसी चालू, गाडी जागच्या जागी. मागून हॉर्नचा कल्ला, ताई मागं बसून विचारतीय, "कामून थांबली हो? गिअरबॉक्स गेला का काय?"

गेला नव्हता. मी वाळूजला एका कारखान्यात गिअर आणि क्लचच्या पार्टचंच काम करतो, म्हणून त्या दिवशी घाटात दाजींना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. कारण गेल्या काही वर्षांत अशा गाड्या आपल्याकडं खूप झाल्यात, आणि जालना रोडवर संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या माणसाला हा मेसेज आला की तो एकतर घाबरून भलतंच करतो, नाहीतर दाजींसारखा दुर्लक्ष करतो.

आधी डीसीटी म्हणजे काय ते

डीसीटी म्हणजे दोन क्लच असलेला गिअरबॉक्स. कुणी डीएसजी म्हणतं, कुणी डीसीए म्हणतं, ही कंपन्यांनी दिलेली नावं आहेत, आतली कल्पना एकच. नेहमीच्या गिअरच्या गाडीत एक क्लच असतो, तो आपण पायानं दाबतो. डीसीटीत दोन असतात आणि ते कॉम्प्युटर चालवतो. बहुतेक सात गिअरच्या बॉक्समधे एका क्लचकडं एक, तीन, पाच, सात हे गिअर असतात, दुसऱ्याकडं दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. तुम्ही पहिल्यात चालत असता तेव्हा दुसरा गिअर आधीच टाकून तयार असतो, मग फक्त एका क्लचनं सोडायचं आणि दुसऱ्यानं धरायचं. रिले रेसमधे पुढचा पोरगा आधीच पळायला लागलेला असतो आणि चालत्यातच काठी घेतो, तसं. म्हणून गिअर बदललेला कळत पण नाही.

पण लक्षात घ्या, दोन असले तरी ते क्लचच आहेत, म्हणजे घासून पकडणाऱ्या चकत्या. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमधे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं, टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात त्याला, तिथं एक पंखा तेल ढकलतो आणि त्या तेलानं दुसरा पंखा फिरतो. तिथं घसरायचं काम तेल करतं आणि ते तेल कूलरमधून थंड होऊन येतं. डीसीटीत घसरायचं काम चकती करते. बाहेरून दोन्ही गाड्यांत फक्त दोनच पेडल, आपल्याला वाटतं ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

अजून एक भेद माहीत पाहिजे, ओला क्लच आणि कोरडा क्लच. ओल्यात चकत्या तेलात बुडालेल्या असतात, उष्णता तेल घेऊन जातं. कोरड्यात फक्त हवा, आणि ती पण बंद डब्यातली. फोक्सवॅगननं 2003 साली गोल्फ आर32 मधे हा प्रकार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला तो ओल्या क्लचचा, सहा गिअरचा होता, मग 2008 ला सात गिअरचा कोरडा आला, हलका आणि पेट्रोल वाचवणारा, छोट्या इंजिनांसाठी. आपल्याकडच्या ह्युंदाई आणि कियाच्या टर्बो पेट्रोलमधला सात गिअरचा डीसीटी कोरडा आहे, फोक्सवॅगन स्कोडाच्या दीड लिटर टर्बोतला डीएसजी पण कोरडा. टाटाचा डीसीए ओला. पुढचं जे लिहितोय ते मुख्यतः कोरड्याबद्दल आहे. ओला पण तापतो, पण उशिरा.

ताशी सहा किलोमीटर, सगळी गोम इथं आहे

पहिल्या गिअरमधे क्लच पूर्ण पकडलेला असेल आणि इंजिन आयडलला म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल तर अशी गाडी साधारण ताशी सहा किलोमीटरनं चालते. माणूस जरा झपाझप चालला की तेवढा वेग होतो. याच्यापेक्षा हळू जायचं असेल तर इंजिन त्याहून हळू फिरू शकत नाही, बंद पडेल, मग उरलेला फरक कुठंतरी घसरवावा लागतो. तो क्लचमधेच घसरतो. म्हणजे तुम्ही जेव्हा गोगलगाईसारखं ताशी तीनच्या वेगानं पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून सरकत असता, तेव्हा क्लच सारखा अर्धवट पकडलेला असतो आणि घासत असतो. मॅन्युअल गाडीत यालाच आपण हाफ क्लचवर चालवणं म्हणतो आणि ड्रायव्हिंग स्कूलवाला यावरूनच ओरडायचा. इथं तेच काम कॉम्प्युटर करतोय, आणि ओरडायला कुणी नाही.

घाटात हे किती तापतं ते एकदा हिशोब करून बघितलं होतं. समजा 1300 किलोची गाडी, चढ असा की वीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. बऱ्याच जणांची सवय असते, गाडी मागं घसरू नये म्हणून ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हलका दाबून तिथल्या तिथं धरून ठेवायची. इंजिन 1000 ला फिरतंय, चाकं थांबलेली, मग इंजिन जेवढी ताकद देतंय ती सगळी क्लचमधे उष्णता होऊन जाते, आणि ती निघते साधारण 1.3 किलोवॅट. घरातली इस्त्री 1000 वॅटची असते. म्हणजे कपड्याच्या ढिगात इस्त्री चालू ठेवून विसरून जावं तसं झालं, फरक एवढाच की इथं डबा धातूचा आहे. चढ याच्या दुप्पट उभा असेल तर उष्णता पण दुप्पट. आणि बाहेर मराठवाड्याचा मे, 42 डिग्री, खालून डांबर भाजतंय, मग ती जायची कुठं?

निघताना किती जोर देता यानं पण फरक पडतो. वेग दुप्पट होईपर्यंत क्लच घासत राहिला तर उष्णता जवळजवळ चौपट होते, कारण गाडीला मिळणारी गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते आणि क्लचमधे पण साधारण तेवढीच जळते. म्हणून जागेवरून सटकन निघायचं, लगेच ब्रेक मारायचा, परत सटकन निघायचं, ही जी चौकाचौकातली पद्धत आहे ती क्लचला सगळ्यात महाग पडते.

थरथर कशी तयार होते

शाळेत खडू फळ्यावर उलटा धरला की किंचाळायचा, आठवतंय? खडू सरळ घसरत नाही, चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, सेकंदाला शेकडो वेळा. क्लचमधे तेच होतं, फक्त हळू, सेकंदाला काही थोडे वेळा, म्हणून आवाज न येता सीटला आणि स्टीअरिंगला धक्के जाणवतात. चकतीचं घर्षण एकसारखं राहिलं नाही की असं होतं.

ते एकसारखं का राहत नाही, याची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती ओळखायची खूण म्हणजे थरथर कधी येते.

पावसाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली आणि सकाळी पहिल्या दोन-चार वेळा निघताना थरथरली, मग गायब, तर चकतीवर दमट हवेचा थर बसलेला असतो, घासला की जातो. हे बघून सोडून द्या. सकाळी छान, पण अर्धा तास ट्रॅफिकमधे राहिलं की थरथरते आणि वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर पळवली की परत छान, हे उष्णतेचं लक्षण. पण असं पुन्हापुन्हा होत गेलं तर चकतीचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग थंड असताना पण थरथर राहू शकते, ती काही आपोआप जात नाही.

तिसरं कारण तेलाचं. कोरड्या क्लचवर तेल आलं नाही पाहिजे, पण गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळलं तर येतं. फोर्डच्या पॉवरशिफ्ट नावाच्या कोरड्या डीसीटीत हे बरंच झालं होतं, आणि त्या प्रकरणात ग्राहकांच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून ऑस्ट्रेलियाच्या कोर्टानं 2018 साली कंपनीला एक कोटी डॉलरचा दंड पण ठोठावला. तिथं बऱ्याच लोकांना आधी ऐकवलं गेलं होतं की तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळं होतंय. म्हणजे सगळं खापर ड्रायव्हरवर फोडू नका, काही वेळा दोष खरंच मशीनमधे असतो.

चौथं आणि सगळ्यात स्वस्तातलं म्हणजे कॉम्प्युटरचा अंदाज चुकणं. चकती झिजते तसं ती पकडायला सुरू होते तो बिंदू सरकतो, कॉम्प्युटर तो शिकत राहतो, याला अडॅप्टेशन म्हणतात. हा अंदाज चुकला की क्लच उशिरा किंवा झटक्यात पकडतो. वर्कशॉपमधे मशीन लावून तो परत शिकवता येतो.

मेसेज आला, आता करायचं काय

शब्द गाडीगाडीप्रमाणं जरा इकडंतिकडं असतात, पण पायऱ्या सारख्याच. ह्युंदाईच्या पद्धतीनं सांगतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरली तर पहिल्यांदा येतो `Steep grade! Press brake pedal`, म्हणजे बाबा ब्रेकवर पाय ठेव. ब्रेक दाबून गाडी थांबली की कॉम्प्युटर क्लच सोडतो, घासणं बंद. हा सल्ला आहे, ऐकलं तर पुढचं काही होत नाही.

दुसरा तो `Transmission temp. is high! Stop safely`. इथं गाडीनं स्वतःला वाचवायला सुरुवात केलेली असते, म्हणून चालणं ओबडधोबड होतं, धक्के वाढतात. सेन्सर येडा झालेला नसतो. बाजूला घ्या, ब्रेक दाबा, पी मधे टाका, पण इंजिन बंद करू नका. काही मिनिटं थांबायचं.

तिसरा, `Trans Hot! Park with engine on`, म्हणजे आता तुमच्या हातात काही राहिलं नाही. क्लच बंद केलेला आहे, थंड होईपर्यंत गाडी हालणार नाही, आणि किती वेळ थांबायचं ते स्क्रीनवर दिसतं. थंड झाली की `Trans cooled. Resume driving` येतं. ते आलं की निघा, त्याच्या आधी ॲक्सिलरेटर दाबून बघण्यात अर्थ नाही.

इंजिन चालू कशाला, बंद केलं तर लवकर थंड होईल ना?

दाजींनी हेच विचारलं, आणि त्यांचा हात बटणावर गेलापण होता. वाटतं तसंच, पण आहे उलटं. इंजिन फिरत असलं की क्लचचा लोखंडी भाग डब्यात फिरत राहतो आणि हवा ढवळतो, ओल्या क्लचमधे तेलाचा पंप चालू राहतो. पी मधे दोन्ही क्लच सुटलेले असतात, म्हणजे नवीन उष्णता तयार होत नाही, आणि असलेली बाहेर पडत राहते. बंद केलं की सगळं जागच्या जागी शिजत बसतं. आणि गार पाणी ओतायचं डोक्यातपण आणू नका, घाटात एकजण खालून बाटली ओतायला निघालाच होता.

सिग्नलला एन मधे टाकू का?

गरज नाही. पाय ब्रेकवर घट्ट असला आणि गाडी थांबलेली असली की क्लच तसाही सुटलेला असतो. वाईट आहे ते अर्धवट ब्रेक, म्हणजे पूर्ण थांबतपण नाही आणि सोडतपण नाही, क्लच पुढं ढकलतोय आणि ब्रेक अडवतोय. ऑटो होल्ड असेल तर लावून ठेवा, पायाला पण आराम.

ट्रॅफिकमधे खरा उपाय एकच, तो म्हणजे पुढं जागा होऊ द्या. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर पडेपर्यंत पूर्ण थांबून राहा, मग ब्रेक सोडा, हलका ॲक्सिलरेटर द्या आणि सहा-सातच्या वर वेग जाऊ द्या म्हणजे क्लच पूर्ण पकडेल, मग पुढं जाऊन परत पूर्ण थांबा. पाच वेळा सरकायचं ते एका वेळेत होतं. लगेच कुणी म्हणेल, आमच्याकडं एवढी जागा सोडली की रिक्षावाला तोंड घालतो. घालतो, खरं आहे, क्रांती चौकात मी रोज बघतो. घालू द्या, तो जातो पण पुढं. दुसरं, गाडी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधे सारखी उड्या मारत असेल तर मॅन्युअल मोडला टाकून पहिल्यातच ठेवा, निदान दोन क्लचची देवाणघेवाण तरी थांबते.

कधी चालवायची बंद करायची

उष्णतेचा मेसेज एकदा आला, थांबलात, गेला, परत आला नाही, थरथर पण नाही, तर वर्कशॉपला पळायची गरज नाही, घरी जा. पण तोच मेसेज सपाट रस्त्यावर, साध्या ट्रॅफिकमधे, पुन्हा पुन्हा यायला लागला तर क्लच घसरतोय किंवा अंदाज चुकलाय, त्याच आठवड्यात दाखवा.

गिअरबॉक्समधे बिघाड आहे पण चालवू शकता, अशा अर्थाचा मेसेज आला किंवा गाडी आणीबाणीच्या मोडला गेली तर बऱ्याचदा एका बाजूचे गिअर गायब होतात, म्हणजे रिव्हर्स पण जाऊ शकतो. हळूहळू जवळच्या वर्कशॉपपर्यंत जा, पण अशा जागी लावू नका जिथून मागं घ्यावी लागेल. नांदेडहून निघालेलं असाल तर हे संभाजीनगरपर्यंत ताणायचं काम नाही, हायवेवर रात्री उरलेला क्लच पण सुटला तर ट्रकच्या लाईनीत उभं राहावं लागेल.

आणि जिथल्या तिथं थांबायचं ते असं. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनचा काटा वर चढतो पण वेग वाढत नाही. जळका वास येतो आणि थंड करून निघाल्यावर लगेच परत येतो. डी किंवा आर टाकला तरी गाडी पकडतच नाही, किंवा चालता चालता अचानक ताकद जाते आणि परत येते. आतून लोखंड घासल्यासारखा आवाज येतो, किंवा खाली तेलाचा डाग आहे. लाल रंगात `Stop` म्हणणारा कुठलाही मेसेज. या सगळ्यात गाडी चालवत नेली तर क्लचचं काम वाढून फ्लायव्हील आणि शाफ्टपर्यंत जातं, शिवाय चौकाच्या मधे ताकद गेली तर जिवाशी खेळ. टोइंगवाल्याला सांगा पूर्ण गाडी वर चढवणारा ट्रक आणायला, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढू नका.

वर्कशॉपवाला म्हणतो "नॉर्मल आहे साहेब"

म्हणणारच, कारण तुम्ही गाडी रात्री सोडता, तो सकाळी थंड गाडी मोकळ्या रस्त्यावर फिरवतो, थरथर येणारच नाही. दाजींचं तसंच झालं, घाटानंतर महिनाभर गरम गाडी निघताना थरथरायची, दोन वेळा दाखवली, दोन्ही वेळा नॉर्मल. मग मी सांगितलं की काटा आणि वेग दिसेल असा व्हिडिओ काढा, आणि संध्याकाळी अर्धा तास गर्दीत फिरवून गरम गाडी घेऊन जा, मेकॅनिकला बाजूला बसवा.

एक साधी चाचणी आम्ही आधीच घरासमोर करून बघितली होती. गरम गाडी, सपाट जागा, पाच-सहा वेळा हळू पुढं निघालो आणि पाच-सहा वेळा हळू मागं. पुढं जाताना दर वेळी थरथर, मागं जाताना एकदाही नाही. पहिला गिअर एका क्लचवर आणि रिव्हर्स दुसऱ्यावर, म्हणजे इंजिनचा माऊंट किंवा प्लग खराब असता तर दोन्हीकडं जाणवलं असतं, इथं एकाच क्लचवर बोट ठेवता येतंय. मेकॅनिकला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. त्यानं अडॅप्टेशन करून दिलं, गाडी पंधरा दिवस लोण्यासारखी चालली, मग परत तेच. उघडल्यावर एका चकतीला निळसर डाग आणि गुळगुळीत चमक होती, तेल कुठं नव्हतं, म्हणजे सील चांगलं, भाजलेली होती ती. या गाडीत दोन्ही क्लचचा सेट एकत्रच येतो, एकच बदलायचा प्रश्नच नाही, बिल ऐकून दाजी वर्कशॉपच्या बाकड्यावर जरा बसलेच. मला म्हणले, "त्या दिवशी त्या शंभर मीटरमुळंच झालं का रे हे?" मी म्हणलो, "एकट्या त्याच्यामुळं नाही दाजी, सहा वर्षं तुम्ही सेव्हन हिलच्या पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून उभे राहता, ते मी पण बघितलंय."